अकराव्या प्रश्नाचा धनी

आमच्या मामाला ईमेलचं उत्तर लिहायला दोन ओळी पुरतात. ‘आपल्या सर्व मुद्द्यांची नोंद घेतली आहे. आमची टीम काम पाहत आहे, निश्चिंत असावे.’ पूर आला तरी तो हेच लिहील. शाळा-दवाखान्यांसाठी लाकडी सामान करणारी त्याची छोटी कंपनी आहे, आणि तिची ‘टीम’ म्हणजे मिस्त्री, साइट बघणारे दादा, लाइटवाले काका, हिशेबाच्या ताई आणि मी, त्याची भाची. निश्चिंत यांतलं कुणीच नसतं.

शाळेच्या नव्या वाचनालयाचं काम आम्हाला मिळालं होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दोनदा सविस्तर मेल करून शंका विचारल्या, आणि दोन्ही वेळा मामाने त्याच दोन ओळींवर त्यांची बोळवण केली. तिसरा मेल मंगळवारी सकाळी आला. त्याच्या शेवटी लिहिलं होतं, की उद्या दुपारपर्यंत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर काम दुसऱ्याला देऊ. त्या वर्षातलं आमचं सगळ्यात मोठं काम होतं ते. लाकूड येऊन पडलं होतं, शाळेत अर्धी कपाटं उभीही राहिली होती. मामाचं तोंड एवढंसं झालं.

“तू लिही गं,” तो म्हणाला. “तुझी भाषा गोड आहे.”

माझी भाषा गोड आहे असं आमच्या घराण्यात आजवर कुणी म्हटलेलं नाही. माणूस किती घाबरला होता, ते यावरूनच समजावं.

मी मेलची प्रत काढली आणि पेन घेऊन बसले. बाईंनी मनात येईल तसं लिहिलं होतं. एका वाक्यात तीन प्रश्न, एक आभाराच्या ओळीत दडलेला, एक शेवटी ताज्या कलमात. मी प्रत्येकाला त्याच क्रमाने आकडा दिला. ‘सामान कधी येईल आणि उतरवून कोण घेईल’ यासारख्यांचे दोन तुकडे केले, कारण अशा जोडप्रश्नात पहिल्याचं उत्तर मिळतं आणि दुसरा उपाशी राहतो. एकूण चौदा झाले. मग प्रत्येकाखाली आधी सरळ उत्तर, हो किंवा नाही. मग एक-दोन ओळींत तपशील. आणि शेवटी ते कोण करणार, त्याचं नाव आणि दिवस.

“नावं कशाला?” मामाने विचारलं. “टीम लिही की.”

“टीमला फोन करायचा झाला तर कुणाला करायचा, मामा?”

तो चहा मागवायला निघून गेला.

न विचारता कुणाचं नाव घालायचं नाही, हे मात्र मी ठरवलं होतं. म्हणून कागद घेऊन वर्कशॉपमध्ये हिंडले. ‘बघू की’ म्हणणारी माणसं स्वतःचं नाव लिहिलेलं बघितल्यावर किती वेगळी बोलतात, ते त्या दिवशी कळलं. लाइटवाले काका आधी म्हणाले, दिवे शुक्रवारी बसतील. कागदावर नाव दाखवल्यावर म्हणाले, “शुक्रवारी वायरिंग होईल. दिवे सोमवारी धर.” पॉलिशचा वास किती दिवस राहील, ते मिस्त्रींनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, पॉलिश बनवणाऱ्या कंपनीला विचारून सांगतो. मी तसंच लिहिलं : आत्ता माहीत नाही, मिस्त्री विचारत आहेत, गुरुवारी संध्याकाळी कळवतील.

चौथ्या प्रश्नावर मामाला घाम फुटला. लहान वर्गाच्या कप्प्यांची उंची किती असेल, असा तो प्रश्न होता. आम्ही उंचीचे दोन पर्याय महिन्यापूर्वी पाठवले होते, निवड त्यांनी करायची होती. तिथे करणाऱ्याच्या जागी मी बाईंचंच नाव घातलं आणि लिहिलं, गुरुवारपर्यंत कळवलंत तर तारीख पुढे जाणार नाही.

“क्लायंटला काम सांगतेस?”

“काम त्यांचंच आहे. नाही सांगितलं तर महिनाभर आपण त्यांची वाट बघू आणि त्या आपली.”

असं करत तेरा उत्तरं जमली. घोडं अडलं अकराव्यावर. ‘उंच कपाटं भिंतीला पक्की धरली आहेत ना? मुलं चढतात.’

मिस्त्री म्हणाले, “कपाट माझं. भिंतीत भोकं पाडायची परवानगी शाळेकडून दादा आणणार होते.”

दादा म्हणाले, “कपाट मिस्त्रींचं, मग पट्ट्या-बोल्टही त्यांचेच. मला कुणी परवानगीचं बोललं नाही.”

दोघंही खरं बोलत होते. उभी राहिलेली सगळी उंच कपाटं नुसती भिंतीला टेकून होती. चहाचा कप हातात घेऊन आम्ही चौघं कागदावर अकराव्याखालच्या नावाच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिलो. मला खरंच भीती वाटली. ‘आमची टीम काम पाहत आहे’ या ओळीमागे इतके दिवस हे लपलं होतं, आणि ती ओळ मीच दोनदा टाइप करून दिली होती.

“लिही, हो, धरली आहेत,” मामा हळूच म्हणाला. “सोमवारपर्यंत धरून टाकू.”

“आज धरलेली नाहीत, मामा.”

“‘नाही’ लिहिलंस तर काम गेलं.”

“गेलं तर गेलं. मुलं चढतात, असं लिहिलंय त्यांनी.”

मामाने चहाचा कप खाली ठेवला. मग त्याने मिस्त्रींकडे बघितलं, दादांकडे बघितलं. दोघांचीही नजर कुठल्याशा स्क्रूवर खिळली होती. शेवटी तो म्हणाला, “माझं नाव घाल. पूर्ण नाव. सोमवार.”

मी लिहिलं : ‘११. नाही, अजून धरलेली नाहीत. भोकं पाडायला आपली परवानगी हवी आहे. ती मिळताच लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट बसवू, आणि प्रत्येक कपाट तपासल्याशिवाय मुलांना आत सोडू नये.’ खाली मामाचं पूर्ण नाव आणि ‘सोमवार’. मेलच्या अगदी वर तीन ओळी टाकल्या : बारा प्रश्नांची उत्तरं खाली आहेत, एकाचं गुरुवारी मिळेल, एक निर्णय आणि एक परवानगी आपल्याकडून हवी. बुधवारी सकाळी पाठवला आणि मामा देवाचं नाव घेत फेऱ्या मारू लागला.

उत्तर दुपारी आलं. बाईंनीही आकडे घालूनच लिहिलं होतं. चौथा : कमी उंचीचा पर्याय. बाकीचे मान्य. अकरावा जरा लांब होता. ‘जुन्या शाळेत असंच एक कपाट पडलं होतं. सुदैवाने मधली सुट्टी होती, वर्गात कुणी नव्हतं. नंतर विचारलं तर प्रत्येकजण म्हणाला, ते माझ्याकडे नव्हतं. म्हणून हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते, आणि सगळे हो म्हणतात. परवानगी दिली आहे. ज्यांचं नाव लिहिलं आहे त्यांनी सोमवारी स्वतः यावं. काम तुमच्याकडेच राहील.’

मामाने ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. काच स्वच्छच होती.

सोमवारी मिस्त्रींनी बोल्ट आवळले आणि दादांनी भिंतीची धूळ झाडली. बाई हातात आमच्या मेलची प्रत घेऊन उभ्या होत्या. मामाने बूट काढले, पहिल्या कपाटाच्या वरच्या फळीला दोन्ही हातांनी धरलं आणि आपला सगळा देह, जो काही थोडाथोडका नाही, तिच्यावर लोंबकळू दिला. कपाट जागचं हललं नाही. मग तो पुढच्याला लटकला, मग त्याच्या पुढच्याला, पार शेवटपर्यंत. शर्ट पँटमधून बाहेर आला होता, चेहरा लालबुंद झाला होता.

“ही सगळी मी बघितली,” तो धापा टाकत बाईंना म्हणाला. “काही झालं तर मला विचारा.”

बाईंनी अकरावर खूण केली आणि दार उघडून पहिल्या वर्गाला आत सोडलं.