पडदेवाल्याच्या खात्यातले पैसे

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी मोबाइलला कुणाला हात लावू द्यायचा नाही, ही माझी खोड. ऑपरेशनचे पैसे मीच पाठवले. यादीत दवाखान्याच्या खालीच एक पडद्यांचं दुकान होतं, कधीकाळी तिथून पडदे घेतलेले. बोट नेमकं तिथे पडलं. दवाखान्याने "पैसे आले नाहीत, तारीख देता येणार नाही" म्हटलं, तेव्हा माझं धाबंच दणाणलं. दुसरे पैसे होते कुठे?

बँकेतली मुलगी म्हणाली, "आजी, त्यांच्या संमतीशिवाय त्यांच्या खात्यातून काढता येत नाही. त्यांच्या बँकेला कळवलंय. तुम्हीही पत्र द्या."

"चांगली खरडपट्टी काढ मेल्याची," मी सुनेला म्हटलं.

"आई, शिव्या दिल्या की माणूस अडून बसतो."

ती लिहिता लिहिता वाचत होती. मी पडून होते. खिडकीतला उजेड दुधासारखा पसरलेला, त्यातून तिचा आवाज तरंगत येत होता. "रक्कम चुकून आपल्या खात्यात जमा झाली आहे. व्यवहार क्रमांक व खातेउतारा सोबत जोडला आहे. ही रक्कम कोणत्याही मालापोटी धरू नये. सात दिवसांत, ज्या खात्यातून आली त्याच खात्यावर परत करावी. अन्यथा नाइलाजाने कायदेशीर मार्ग घ्यावा लागेल. सहकार्याबद्दल आभारी आहे."

"आभार कसले डोंबलाचे!" म्हणत मी सही केली.

पत्र द्यायला आम्ही दोघी गेलो, तेव्हा दुकानात पंखा फिरत होता. मऊ कापड गालाला लागून परत जाई. निळ्यातून हिरवं उगवे, हिरव्यात पिवळं विरघळे. आपण झोपेत चालतोय की काय, असं वाटलं. केवढं गच्च भरलेलं दुकान! एवढा माल असून माझ्या पैशांवर डोळा?

दुकानदाराने पत्र वाचलं. "काकू, मला वाटलं कुणी जुनी उधारी फेडली. मी ते कापडवाल्याला देऊन टाकले. तेवढ्याचे पडदे घेता का?"

"पडदे लावून आंधळी बसू?" मी ओरडले.

सुनेने दुसरी प्रत शांतपणे पुढे केली. "पोच द्या." त्याने शिक्का मारला.

मुदतीच्या आत पैसे खात्यावर आले. ऑपरेशनही झालं. पट्टी निघाल्यावर घरी येताना मी रिक्षा त्याच्या दुकानापाशी थांबवली. दोन गोड शब्द बोलावे म्हटलं.

दुकानात दोरीवर तीनच पडदे होते: निळा, हिरवा, पिवळा. जुने, कडेला उन्हाने विटलेले. पंख्याने ते हलत होते. बाकी नुसत्या भिंती, आणि मांडण्या काढून नेल्याच्या ताज्या खुणा. बहुतेक मांडण्याच विकल्या होत्या त्याने. जमिनीवर बसून तो डबा खात होता.

पैसे माझे होते, पत्रात एक शब्द खोटा नव्हता. तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो लगबगीने उठला, हात पुसत हसला. "काय काकू, दिसतं का आता?"

"दिसतं रे बाबा," मी म्हटलं. "सगळं दिसतं."