नावाड्याचं आधीचं बोलणं

"तुझा नावाडी भलताच तुसडा आहे गं," आई म्हणाली. "वल्हं नेऊन दिलं, तर म्हणे, 'बरं झालं. जा आता.' एवढ्यासाठी बाबांना स्टुडिओत नेलंस?"

मुलगी गेम बनवणाऱ्या कंपनीत पात्रांचे संवाद जोडायची. नावाड्याला आवाज बाबांचा होता. रेकॉर्डिंगनंतर थोड्याच दिवसांत ते गेले. तो आवाज ऐकायला आई या वयात गेम खेळायला शिकली होती.

"त्याआधी तो बायकोबद्दल बोलला असेल ना? पुरात काठावर बसून राहायची ती?"

"छे. अक्षर नाही."

मुलीने ऑफिसात गेम तपासणाऱ्या सहकाऱ्याला गाठलं. त्याला सगळे चिकटराव म्हणत.

"माझ्यापुढे तर तो घडाघडा बोलतो," चिकटराव म्हणाला. "मी भेटतो, तो गोष्ट सांगतो, वल्हं आणायला पाठवतो."

"आईने वल्हं आधीच उचललं. कुठल्याही घरात शिरली की पडलेलं उचलून ठेवते ती."

"म्हणजे आपल्या सगळ्यांना पुरून उरली!" तो हसला. मग त्याने स्क्रीनवर नावाड्याच्या संवादाच्या अटी उघडल्या.

वल्हं हाती आलं की गेम 'वल्हं मिळालं' ही खूण करून ठेवायचा. नावाड्याशी बोलताना अटी वरून खाली तपासल्या जात आणि जी पहिली जुळेल तिची संवादाची शाखा चाले. सर्वांत वर निरोपाची शाखा होती आणि तिला अट एवढीच, ही खूण. पहिल्या भेटीची शाखा तिच्याखाली. दोघांची भेट झालीय का, हे वर कुणी विचारतच नव्हतं. ही जोडणी मुलीचीच होती.

तिने निरोपाला दुसरी अट घातली: भेट झालेली हवी. वल्हं आधीच असेल तर गोष्ट संपल्यावर निरोप. पण आईच्या साठवलेल्या खेळात 'काम पूर्ण' ही खूण पडून गेली होती, त्यामुळे नावाडी परत बोलणार नव्हता. संध्याकाळी घरी येऊन तिने ती खूण हाताने पुसली.

आई नावाड्यापाशी गेली.

"ये, बस," बाबांचा आवाज आला. "माझी बायको अशीच बसायची. पाणी चढायचं, ही हलायची नाही. मी कधी म्हटलं नाही तिला, पण तिच्याजवळचा दिवा दिसला की वल्हवून भरून आलेले हात हलके व्हायचे." मध्ये धाप लागली होती, ती बाबांनी रेकॉर्डिंगमधून काढू दिली नव्हती. "वल्हं आणलंस? बरं झालं. जा आता."

आईचं बोट बटणावरच होतं.

"दवाखान्यात मी औषधं घेऊन वर आले, तेव्हाही बाबा एवढंच म्हणाले. 'जा आता.'" तिने मान वळवली नाही. "मी खाली होते तेव्हा तू होतीस ना त्यांच्याजवळ? आधी काही बोलले होते का गं?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही, आई. झोपले होते."

"बरं," आई म्हणाली. "हे परत पहिल्यापासून लावून दे."