परीक्षेला बांधलेला नीलम

माझा धाकटा भाऊ मधु तसा वाईट नाही, पण कोणी जरा गंभीर तोंड करून बोललं की त्याला ते खरंच वाटतं. जव्हार संस्थान विलीन झालं तेव्हा हा दरबारच्या कचेरीतला कारकून सरकारी कचेरीत गेला, खुर्ची बदलली, साहेब बदलला, पण स्वभाव तोच राहिला. मला मोखाड्याला दिली म्हणून, नाहीतर रोज त्याचा कान धरला असता.

त्याची बायको चंद्रकला हिवतापाने पडली आहे असा निरोप आला. रविवारच्या मोटारीने मी जव्हारला पोचले. बघते तर काय, पोरगी उठून बसलेली, कपाळ थंड, आणि दंडाला निळ्या फडक्यात काहीतरी बांधलेलं. मधु नुसता फुलला होता. म्हणाला, अक्का, गुण आला बघ.

काय ते सगळं त्याच्याकडून काढून घेतलं. जोशीबुवा म्हणून एक गृहस्थ घाटावरून आले होते, मोठमोठ्या घरच्या पत्रिका बघणारे. संस्थानं गेली तशी ती घरंही गेली, आता ते आमच्यासारख्यांकडे यायला लागले होते. त्यांनी चंद्रकलेची पत्रिका मांडली आणि शनीची पीडा काढली. शनीला नीलम. तो मधल्या बोटात घालायचा, शनिवारी. पण नीलम मोठा तिखट, सोसला तर तारतो, न सोसला तर घात करतो, म्हणून आधी दंडाला बांधून परीक्षा बघायची. इथवर मीही ऐकून होते, आमच्याकडे जुनी माणसं असंच सांगतात. पुढचं ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. दवाखान्यातून हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या आणल्या होत्या. बुवांनी त्या बंद करायला सांगितल्या. का, तर गुण गोळीचा की खड्याचा ते कळायला नको का?

चंद्रकलेलाही ते पटलं होतं, कारण त्या गोळ्यांनी तिचे कान वाजायचे आणि तोंड कडू व्हायचं. बुवा म्हणाले, कान वाजतात तो शनीच. आता बोला!

"ताप कधी येतो गं तुला?" मी तिला विचारलं.

"एक दिवसाआड, वन्सं. गुरुवारी आला, मग शनिवारी दुपारी. थंडी, मग आग, मग घाम."

"आणि हे बांधलं कधी?"

"शनिवारी संध्याकाळी. घाम येऊन गेल्यावर."

म्हणजे आजचा रविवार तापाचा नव्हताच. नीलम नसता, दंडाला सुपारी बांधली असती, तरी कपाळ थंडच राहिलं असतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! मी मधुला हे समजावलं. तो म्हणाला, तुझा ग्रहांवर विश्वास नाही म्हणून तू असं बोलतेस. मी म्हटलं, बाबा, माझा ग्रहांवर आहे, तुझ्या अकलेवर नाही. गोळ्या काढ. तेव्हा तो खाली बघायला लागला. त्या त्याने सकाळीच परसातल्या मोरीत फेकल्या होत्या, घरात असल्या तर परीक्षेत खोट येईल म्हणून. आणि रविवार, दवाखाना बंद. रात्रभर मला झोप नाही. मोखाड्यात याच तापाने धडधाकट माणसं गेलेली मी बघितली होती, आणि ही तर काडी झाली होती.

सोमवारी सकाळी बुवा हजर. मधुने चंद्रकलेच्या पाटल्या फडक्यात बांधून तयार ठेवल्या होत्या, खड्याचं मोल म्हणून. मी म्हटलं, थांबा, सोनं द्यायचं तर वस्तू जाणत्याला दाखवून द्यायचं. बुवा रागावले नाहीत. दाखवा म्हणाले. मागच्या आळीतले मेहबूबभाई खडे जडवायचं काम करतात. त्यांना बोलावलं, आणि मनात म्हटलं, काच निघू दे देवा.

मेहबूबभाईंनी फडकं सोडलं, दारात उजेडाला बसून भिंगातून बराच वेळ बघितलं. काचेत गोल बुडबुडे दिसतात, ते नव्हते. विलायती भट्टीत बनवलेल्या नीलमात रंगाच्या रेषा वाकड्या असतात, यात सरळ होत्या. मग त्यांनी माझ्याकडे जरा अवघडून बघितलं.

"गोदाताई, खडा खरा आहे."

झालं! मधुने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मेहबूबभाई पुढे म्हणाले, आत एक चीर आहे, चिरेचा नीलम पत्रिका मानणारेसुद्धा घालत नाहीत, आणि एवढ्या सोन्यात असले दोन येतील. पण मधुच्या कानात खरा एवढाच शब्द शिरला होता. तो पाटल्या पुढे करायला लागला. मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता.

"मेहबूबभाई, खडा खरा आहे ते तुम्ही सांगितलंत. तो ताप उतरवतो का, ते सांगाल?"

"ते भिंगातून दिसत नाही," ते म्हणाले.

मग मी बुवांकडे वळले. म्हटलं, बुवा, नीलमाची परीक्षा तीन रात्रींची असते असं मी लहानपणापासून ऐकते, तुमचा दोनच रात्रींत कसा पास झाला? ते म्हणाले, गुण दिसला तर दोन पुरतात. बरं, म्हटलं. तुमचा खडा खरा आहे, तुम्ही खरे आहात, मग घाई कशाची? जेवूनच जा. खडा पुन्हा बांधा तिच्या दंडाला, तुमच्या हाताने. तासाभरात दवाखाना उघडेल, मधुला गोळ्या आणू दे, त्या नुसत्या उशाशी राहतील. बुवांना नाही म्हणता येईना. मेहबूबभाईंनाही मी जाऊ दिलं नाही. मधु मात्र गोळ्या आणायला उठला नाही. आधी ताप येऊ दे, म्हणाला. मीच गेले असते, पण माझी पाठ फिरताच पाटल्या बुवांच्या झोळीत गेल्या असत्या.

जेवणं झाली. चंद्रकला भिंतीला टेकून बसली होती, सगळे तिच्याकडे बघत होते, आणि ती दाराकडे. मग तिची नखं निळी पडली. दात वाजायला लागले. मी दोन गोधड्या घातल्या, तिसरी घातली, तरी पोरगी खाटेसकट हलत होती. माझं खरं ठरलं होतं आणि मला काडीचा आनंद नव्हता.

बुवा शांतपणे म्हणाले, "सोसला नाही. म्हणजे खडा जागृत आहे. आता याला पोवळ्याची जोड द्यावी लागेल."

"काल ताप आला नाही तर गुण आला," मी म्हटलं, "आज आला तर खडा जागृत. मग बुवा, तुमचं खोटं कशाने ठरायचं?"

त्यांनी पंचांग उघडलं. बोलला तो मधु. तो चंद्रकलेच्या नखांकडे बघत होता आणि त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता.

"ही मेली असती तरी तुम्ही सोसला नाही एवढंच म्हणाला असतात ना?"

बुवांनी पंचांग मिटलं. मधुने तिच्या दंडाची गाठ सोडायला घेतली. ती थरथरत होती, गाठ सुटेना. शेवटी त्याने दाताने दोरा तोडला, नीलम बुवांच्या हातात ठेवला, आणि पाटल्या तिथेच जमिनीवर टाकून अनवाणी दवाखान्याकडे धावत सुटला.