हिरडा कंपनीचं माहेर

भरे गावच्या ओढ्याकडे जाणारी वाट जठार साहेबांनी काटेरी तार ठोकून बंद केली, तेव्हा मेंढ्यांनी काहीच केलं नाही. तारेपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि तिथंच लेंड्या टाकून परत फिरल्या. माझ्या मते हीच पहिली लेखी हरकत होती. पण महालकऱ्यांपुढं तसं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

मी वकील. पुण्यात माझी वकिली चालेना, म्हणून पौडला येऊन बसलो होतो. इथंही ती चालत नव्हतीच, पण निदान कुणाला कळत नव्हतं. माझे अशील धुळाजी आणि त्याची बायको बयाबाई. धनगर माणसं, भऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांचा मेंढ्यांचा वाडा. उन्हाळ्यात त्या ओढ्यातच काय ते पाणी उरायचं. दुसरी वाट डांबरी सडकेनं होती, आणि तिथं आठवडाभरात ट्रकाखाली दोन कोकरं गेली होती. ही वाट मिळाली नाही, तर वैशाखात कळप विकावा लागेल, हे धुळाजीनं मला एकदाच सांगितलं. 

जागा वज्र केमिकल्स नावाच्या कंपनीची. जठार तिचे डायरेक्टर. पौडच्या कचेरीत ते इस्त्रीच्या कपड्यांत आले आणि म्हणाले, "आमची कंपनी सत्तावन्न साली जन्मली. त्याआधी इथं कोण होतं, त्यानं कुणाला काय वचन दिलं, ते आम्हांला ठाऊक नाही."

महालकरी म्हणजे आमचे छोटे मामलेदार; माणूस सज्जन, पण कागदाशिवाय त्यांना समोरचा माणूससुद्धा दिसत नसे. म्हणाले, "वाट पूर्वीपासून होती याला काही लेखी आहे का? पुढच्या तारखेला आणा."

आधी तिथं कोण होतं, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. हिरडा कंपनी! एकोणपन्नास साली ती आली, गावोगावचा हिरडा विकत घेऊन कातडी कमावायचा अर्क काढू लागली. जमीन विकणारे हैबतराव तेव्हा म्हणाले होते, "मेंढरांची वाट तेवढी अडवू नका." कंपनी हो म्हणाली. हैबतराव वारले, आणि खरेदीखतात वाटेचा एक शब्दही नव्हता. सातबाऱ्यावर मात्र त्या कंपनीचं खरं नाव अजून होतं : मुळा मायरोबोलन कंपनी लिमिटेड. मायरोबोलन म्हणजे हिरडाच, पण ते उच्चारताना दात दुखतात, म्हणून गावानं ते कधी घेतलंच नव्हतं.

तिचे जुने कागद मिळावेत म्हणून मी मुंबईला कंपनी रजिस्ट्रारच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं चालू कंपन्यांची यादी पाहिली, नाव नाही. गुंडाळलेल्या कंपन्यांची पाहिली, तिथंही नाही. "जिवंतही नाही आणि मेलेलीही नाही," तो म्हणाला आणि चहाला गेला. मी परत आलो आणि वाड्यावर जाऊन सांगितलं की कंपनी नाहीशी झाली.

बयाबाई लोकर कातरत होती. तिनं कातर खाली ठेवली; माझ्यासाठी एवढं ती क्वचितच करायची.

"कुनाच्या नावानं इचारलंत?"

"मुळा मायरोबोलनच्या."

"आन तिचं लगीन झालं असंल तर? मला हितं कुनी म्हायेरच्या नावानं हुडकत आलं, तर मी घावंन व्हय? लगीन झालं की नाव बदलत्यात, घर बदलत्यात. सासरचं नाव घ्या, सासरी जावा, आन इचारा, ही कुटनं आली?"

धुळाजी म्हणाला, "वकिलाला शिकवू नगंस." पण तो हे माझ्याकडं पाहत म्हणाला नाही. मला राग आला. एलएल.बी.ला बापानं शेत गहाण टाकलं होतं आणि आता माझी शिकवणी मेंढ्यांच्या वाड्यात चालली होती.

तरी गेलो. जमीन आता ज्यांच्या घरात, ते सासर; म्हणून या वेळी वज्र केमिकल्सचीच फाईल मागितली. एक रुपया भरला की कुणालाही बघता येते. सत्तावन्नचा दाखला पहिल्याच पानावर होता, म्हणजे जठार खोटं बोलत नव्हते. पानं उलटत गेलो. साठ साली हायकोर्टाचा हुकूम : मावळ टॅनिन्स लिमिटेड ही कंपनी वज्रमध्ये विलीन, तिची मालमत्ता, हक्क आणि दायित्वं सगळी वज्रकडे, ती कंपनी विसर्जित, आणि तिची फाईल वज्रच्या फाईलला जोडावी. मावळ टॅनिन्स! माझी कंपनी ही नव्हे. मी वैतागून फाईल मिटणार होतो, पण जोडलेली फाईल खाली बांधलेली होतीच, फीत सोडली.

चोपन्न सालचा दाखला निघाला : पूर्वी मुळा मायरोबोलन कंपनी लिमिटेड या नावानं नोंदलेल्या कंपनीचं नाव आता मावळ टॅनिन्स लिमिटेड. त्याच्याखाली अठ्ठेचाळीसचा मूळ दाखला, नोंदणीचा क्रमांक तोच. आधी नाव बदललं, मग लग्न केलं! मी इतक्या जोरात "सापडली!" म्हणालो की कारकुनानं चहाचा कप खाली ठेवला.

आता माहेर सापडलं, तर माहेरची पेटीही तिथंच. एक्कावन्न साली कंपनीनं भऱ्याची जमीन बँकेकडं गहाण टाकली होती. कंपनीनं असं गहाण टाकलं की त्याची प्रत रजिस्ट्रारकडं द्यावीच लागते. त्या प्रतीत जमिनीच्या वर्णनाखाली लिहिलं होतं : ओढ्याकडे जाणारी मेंढ्यांची वाट, कायम खुली ठेवण्याच्या अटीवर. खाली कंपनीतर्फे डायरेक्टरची सही. जठार. मी तिथं मनापासून हसलो. मग फी भरून या सगळ्या कागदांच्या सहीशिक्क्याच्या नकला मागितल्या.

पुढच्या तारखेला जठार म्हणाले, "ती वेगळी कंपनी होती."

"नाव वेगळं होतं, कंपनी तीच," मी म्हणालो. "आणि मग ती तुमच्या घरी आली ती देण्याघेण्यासकट. बाकी सोडा. ही सही कुणाची?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सही तशीच होती. "माझीच," ते हळूच म्हणाले.

महालकऱ्यांना एवढंच कळेना की बँकेनं गहाणखतात मेंढ्या कशाला घुसवल्या. धुळाजी मागून म्हणाला, "त्यो ब्यांकेचा सायेब जागा बघाया आलता. वाटंवर बसला, तवा आमची मेंढरं आली. त्येच्या कोटाची बाही एका बोकडानं चावली. लई लिवून घेतलं बगा त्येनं."

कचेरी हसली. जठारसुद्धा थोडे हसले. तार काढायचा हुकूम झाला.

संध्याकाळी आम्ही तारेपाशी गेलो. कंपनीची माणसं खुंट उपटत होती. बयाबाई माझ्याशेजारी उभी होती. 

"त्या कंपनीची समदी नावं सरकारनं जपून ठेवल्यात?" तिनं विचारलं.

"समदी. रुपया दिला की दाखवतात."

"माजं कुनी ठिवलंय का?"

मी विचारलं, "काय होतं?"

तिनं धुळाजीकडं पाहिलं, मग ओढ्याकडं. "जया."

 तीस वर्षांचा संसार, पाच लेकरं. "मला ठावं न्हवतं," धुळाजी म्हणाला.

"तुमी इचारलंत कवा? तुमच्या आयनं मांडवात बदाललं, ते बदाललं."

 धुळाजीनं काठी या हातातून त्या हातात घेतली. तार निघाली, पण मेंढ्या पुढं होईनात. त्यांना हुकूम झाल्याचं ठाऊक नव्हतं. पुढं कुणीतरी चालावं लागणार होतं.

"जये," धुळाजीनं हाक मारली. "म्होरं हो."

ती पहिल्या हाकेला वळली.