पोटातलं मिठागर

आमच्या ह्यांचा ढेकर म्हणजे काय सांगू. बेकरीच्या फळीवर पावाचे चाळीस साचे उपडे घातलेले असायचे, ते ओळीनं किणकिणायचे. पत्र्यावर एक कबूतर बसायचं, ते तेव्हापासून ठार बहिरं झालंय. खोटं वाटत असेल तर या आणि त्याला हाक मारून बघा, ढिम्म हलत नाही.

हे बेकरीवाले, चाळीस वर्षं भट्टीसमोर उभे. पहाटे रिकाम्या पोटी चहा, मग गरम पावाचा तुकडा चाखायला, दुपारी पोटाला तडस लागेस्तोवर जेवण आणि जेवल्याबरोबर मैद्याच्या पोत्यांवर आडवं. छाती जळणार नाही तर काय गार पडणार? जळजळ सुरू झाली की मी पाण्यात सोडा कालवून पुढं करायची. बिस्किटात घालतो तोच, खायचा सोडा. हे घटाघटा प्यायचे, ढेकर द्यायचे आणि पाच मिनिटांत हसरे व्हायचे. हा उपाय माझा. मला त्याचा फार अभिमान.

तर गेल्या वर्षी ह्यांच्या पायांना सूज आली. जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, पंप हळू चालतोय, त्यामुळं अंगात पाणी साठतं. लघवी होऊन पाणी उतरायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की मीठ बंद म्हणजे बंद. स्वयंपाकात सगळं मिळून दिवसाला अर्धा छोटा चमचा, वर एक कण नाही. आणि रोज सकाळी वजन करायचं, कारण पाणी साठलं की आधी काट्याला कळतं.

घरात वजनाचा काटा कुठला? ह्यांना पोती तोलायच्या काट्यावर उभं करायचो. सूनबाई आकडा वहीत लिहायची, मैद्याच्या खाली सासरे.

मी मीठ असं तोडलं की माझी भाजी खाऊन माझी नणंद म्हणाली, वहिनी, ही शिजवलीय की नुसती भिजवलीय. ह्यांच्यासाठी बिनमिठाचा पाव वेगळा भाजायचो. तो दिसायचा छान, पण खाताना उशीचा अभ्रा चावल्यासारखं वाटायचं. हे बिचारे निमूट खायचे. आणि एवढं करून वजन वाढायचंच. एका आठवड्यात अडीच किलो. मोजे काढले की पायावर मोज्याची वीण उमटलेली दिसायची.

डॉक्टरांनी गोळी वाढवली. तरी तेच. मग त्यांनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, खरं सांगा, मीठ कुठून जातंय पोटात? मी म्हणाले, माझ्या हातून एक कणही जास्त जात नाही. त्यांनी विचारलं, बाकी काही औषधं, चूर्णं, काढे? मी म्हणाले, काही नाही. आता सोडा काय औषध आहे? तो तर आमच्या दुकानातला माल. ते म्हणाले, येत्या गुरुवारपर्यंत वजन उतरलं नाही तर दवाखान्यात भरती करतो, आणि भट्टी कायमची सोडायची तयारी ठेवा.

भट्टी सोडा हे ऐकल्यावर हे दोन दिवस जेवायलाही भट्टीसमोरच बसले. आणि घरात सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. नणंदेला तर खात्रीच होती की नवऱ्याच्या जिभेची दया येऊन मीच गुपचूप मीठ घालते. मी चिडून मिठाचा डबा कपाटात घातला, कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. मग ह्यांच्यावर पाळत ठेवली. खारी बिस्किटं चोरून खातात की काय म्हणून मी पिठाच्या पोत्याआड बसले. इतका वेळ बसले की गिऱ्हाईकानं मला बघून विचारलं, हे पोतं कितीला. पण हे काही खात नव्हते. जेवण झालं की सोडा तेवढा मागायचे, दिवसातून तीनदा. मी बेकरीतल्या हातानं चमचा भरायची, वर चांगला ढीग करून.

आम्हा बेकरीच्या माणसांचा एक पक्का समज. सोड्याचं काय, तो हवा होऊन जातो. बिस्किटात घाला, आंबट ताक नाहीतर लिंबू भेटलं की फसफसतो, बिस्किट फुगवतो आणि उडून जातो, मागं काही उरत नाही. पोटातही तसंच. आम्ल भेटलं, हवा झाली, ढेकर आला, विषय संपला. त्यामुळं मिठाच्या चोराचा तपास करताना सोड्याच्या डब्यावर माझी नजर गेलीच नाही. रोज तो डबा हातात असून.

बुधवार दुपार. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं जायचं, म्हणून नणंदेनं भावाला जरा बरं जेवू घालायचं ठरवलं. सगळं बिनमिठाचंच, पण पोटभर. हे दडपून जेवले. उठताना छातीत जळजळ आणि जड वाटतंय म्हणाले. मी घाईनं दोन चमचे सोडा अर्ध्या ग्लासात टाकला, नीट विरघळायच्या आतच ह्यांनी तो तळाच्या साक्यासकट पिऊन टाकला.

आणि ढेकर येईना.

पोट असं वर येऊ लागलं, जणू उबेला ठेवलेला पिठाचा गोळा. सदऱ्याचं बटण ताणलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला, श्वास वरच्या वर. आडवं व्हायला निघाले तर सूनबाईनं धरलं. नणंद समोरच्या औषधाच्या दुकानात धावली, अनवाणी. औषधवाली आमची रोजची गिऱ्हाईक, सकाळी पाव नेते. ती आली, ह्यांना खुर्चीत ताठ बसवलं, पट्टा सैल केला आणि काय प्यायले म्हणून विचारलं. मी सांगितलं. किती, तेही सांगितलं.

ती म्हणाली, "काकू, भरलेल्या पोटात एवढा सोडा? आम्ल आणि सोडा भेटले की गॅस होतो, आणि एकदम होतो. आधीच गच्च भरलेल्या पोटात तो जाणार कुठं? क्वचित का होईना, माणसांची जठरं फाटलीत अशानं."

तेवढ्यात आला एकदाचा ढेकर. साचेबिचे राहू द्या, मला वाटलं भट्टीचं दार उघडलं. ह्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. पण औषधवाली म्हणाली, छाती जड आहे आणि हृदय आधीच दमलेलं आहे, नुसता गॅस असं धरून बसायचं नाही, आत्ताच्या आत्ता डॉक्टर. नणंद रिक्षा करून त्यांना कळवायला पुढं गेली. आमचा मुलगा पावाच्या गाडीतले ट्रे उतरवायला लागला, ह्यांना बसायला जागा करायला.

तेवढ्या वेळात तिनं विचारलं, हा सोडा आजच दिला की नेहमी देता?

"रोज तीनदा," मी म्हणाले. "चमचाभर. आज दोन."

तिनं माझा चमचा घेतला, मी भरते तसाच ढीग करून भरायला लावला आणि यीस्ट तोलायच्या छोट्या काट्यावर ओतला. सात ग्रॅम. तिनं पावाच्या कागदावर आकडेमोड केली.

"ह्यात जेवढं सोडियम आहे ना काकू, तेवढं जवळजवळ पाच ग्रॅम मिठात असतं. तीनदा म्हणजे पंधरा ग्रॅम मीठ दिवसाला."

मी म्हणाले, अगं, पण तो तर हवा होऊन जातो. ढेकर येतो की.

ती म्हणाली, "जातो तो गॅस. सोडियम कुठं जातंय? पोटातलं आम्ल आणि सोडा भेटले की तीन गोष्टी होतात. गॅस, पाणी आणि मीठ. तुमच्या डब्यातलं तेच मीठ. आम्ल मारलं जातं म्हणून जळजळ थांबते, हे खरं. पण मीठ आत राहतं, आणि ते अंगात पाणी धरून ठेवतं."

म्हणजे मी कुलूप लावून किल्ली नणंदेकडं दिली, आणि ह्यांच्या पोटात रोज तीन पाळ्यांत मिठागर चालवत होते. चोर शोधायला पोत्याआड बसलेली बाईच चोर निघाली.

गाडीत मी मागं, ह्यांचा हात धरून. हे मोकळे होत होते, वाटेत आणखी दोन ढेकर दिले. मला म्हणाले, "डॉक्टरांना सोड्याचं सांगू नकोस. तुझीच बेअब्रू होईल."

मी खरंच विचारात पडले. गोळ्या ते वाढवतीलच. सोडा मी घरी गुपचूप बंद करीन. वजन उतरेल, डॉक्टरांना काही कळायचं नाही, आणि नणंदेला तोंड दाखवायला जागा राहील. पण मग ते गोळ्या वाढवणार कशाच्या हिशेबानं? मी लपवलेल्या मिठाच्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी ह्यांच्या छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढली, ती ठीक आली. रक्तही तपासायला पाठवलं. पोट दाबून बघितलं, फुप्फुसं ऐकली. त्यांच्या तळाशी अजून पाणी आहे म्हणाले, आणि उद्याची भरती आजच करू म्हणून कागद ओढला. ह्यांनी मान खाली घातली.

मी म्हणाले, "डॉक्टर, थांबा. मीठ मीच देत होते."

नणंद दारात उभी होती. तिच्या तोंडावर असा आनंद आला की दिवाच लागला जणू. मग मी पुढचं सांगितलं, सात ग्रॅम, तीनदा, किती महिने, सगळं. एक चमचा कमी सांगितला नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. लिहीत राहिले. मग म्हणाले की, धडधाकट माणसानं कधीतरी एखादवेळी, जेवण जिरल्यावर, सपाट अर्धा चमचा ग्लासभर पाण्यात पूर्ण विरघळवून घेतला तर चालून जातं. रोज घेणं कुणालाच बरं नाही, आणि ह्यांना तर एक चिमूटही नको. रोज जळजळ होते म्हणजे तिचं कारण बघायला हवं, नुसती दाबून उपयोग नाही. वाढीव गोळी त्यांनी खोडली. आधीचीच ठेवली. जळजळीसाठी दुसरी गोळी दिली, थोडं थोडं जेवायला आणि जेवल्यावर तीन तास आडवं न व्हायला सांगितलं. एक रात्र लक्ष ठेवायला ठेवून घेतलं, सकाळी घरी सोडलं.

आठ दिवसांत तीन किलो पाणी उतरलं. पायावर मोज्याची वीण उमटेनाशी झाली. भट्टी पूर्ण सुटली नाही, सकाळचे तीन तास मिळाले, तेही खुर्चीवर बसून.

नणंद मात्र सोडत नाही. आल्यागेल्याला सांगते, वहिनीनं माझ्या भावाला आतून खारवलं. परवा जेवल्यावर हे सवयीनं म्हणाले, अगं, जरा सोडा दे. मी उठले आणि ह्यांना बाहेर अंगणात चालायला नेलं. दहा फेऱ्या मारल्या. ढेकर आला, पण अगदी साधा, शेजारच्या घरातही ऐकू गेला नसेल. हे जरा हिरमुसले.