कायमचा पत्ता आणि बाकीचे रकाने

योगिनी गद्रे यांनी मंडळाच्या अर्जावरच्या सूचना नव्यानं लिहायला घेतल्या, त्यात समाजसेवा चिमूटभर होती आणि स्वार्थ पसाभर. साधलं तर जुलैत रजा मिळणार होती. डॉक्टरांनी लेकीला, मोहनाला, प्रवास नको म्हटल्यामुळे बाळंतपण तिच्या सासरी नाशिकला व्हायचं होतं, आणि रजा मिळाली तर पहिलं नातवंड आधी योगिनीबेनच्या मांडीवर येणार होतं. नाही मिळाली तर हा मान विहीणबाई फुकटात घेऊन जाणार. आणि विहीणबाई मान घेतात तशा मोजून दाखवतातही.

मंडळ म्हणजे दांडिया बाजारच्या एका जिन्यावरचं मराठी विद्यार्थी सहायक मंडळ. बडोद्यात राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना कॉलेजच्या फीसाठी मदत करायची, एवढंच त्याचं काम. अर्ज जूनअखेर यायचे आणि सगळा जुलै त्यांच्या चुका निस्तरण्यात जायचा. फोन करायच्या मंडळाच्या कारकून, म्हणजे योगिनीबेन. ज्यांचा फोन लागायचा नाही, त्यांना पत्र जायचं. पत्राला उत्तर आलं नाही की अर्ज बाद.

"काका, जुलैत रजा हवीय," त्यांनी एप्रिलमध्येच विषय काढला.

जनार्दनकाका मंडळाचे चिटणीस आणि निवड समितीचे सदस्य, बँकेतून निवृत्त झालेले. "जुलैत? अहो, जुलै म्हणजे आपला सीझन, योगिनीबेन!"

"अर्ज पहिल्यांदाच बरोबर आले तर कसला सीझन?"

काका मोठ्यानं हसले. "आले तर खुशाल जा. पण लोक वाचतच नाहीत हो. मी एवढ्या सोप्या सूचना लिहिल्यात."

सोप्या सूचना अर्जाच्या पाठीमागे, मुंग्यांची रांग लागावी तशा छापलेल्या होत्या. 'अर्जदाराने प्रस्तुत रकान्यात आपला स्थायी निवास निःसंदिग्धपणे नमूद करावा.' वाचणारा पान उलटून सूचना वाचणार, लक्षात ठेवणार, पुन्हा पान उलटून रकाना शोधणार, तोवर लाईट बिल भरायची आठवण होणार.

बरं, काकांना जुलै नकोसा होता असंही नाही. चुकलेली माणसं हात जोडून जिना चढायची, "साहेब, जरा बघो ने" म्हणायची, सोबत पापडीचा पुडा आणायची. काका लाल पेन उघडायचे. ती त्यांची गादी होती.

योगिनीबेननी मागच्या वर्षाचे अर्ज काढले आणि लाल शाई कुठे कुठे सांडलीय तेवढंच बघितलं. लोक हवे तसे चुकत नव्हते, ठरावीक जागीच चुकत होते. 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यात पालक महिन्याचा पगार लिहीत, कारण त्यांना पाठ असतो तो तोच. 'खाते क्रमांक' विचारला की वडिलांचा मिळे, हवा असे मुलाचा. आणि 'कायमचा पत्ता' या रकान्यात तर मंडळाच्या जन्मापासूनची चूक होती. आजोबांचा जन्म बडोद्याचा, बापाचा बडोद्याचा, मुलगी घरात अर्धं गुजराती बोलणार, पण कायमचा पत्ता विचारला की ताठ मानेनं लिहिणार: मुक्काम पोस्ट अमुक, जिल्हा सातारा. मग मंडळ म्हणणार, हे बडोद्याचे रहिवासी कुठे आहेत? आणि चूक सुधारण्याचं पत्र जाणार साताऱ्याला.

"लोक खोटं लिहीत नाहीत," योगिनीबेन स्वतःशी म्हणाल्या. "आपण विचारतो त्याचंच उत्तर देतात. आपणच भलतं विचारतो."

मग त्यांनी सूचना मागच्या पानावरून उचलून ज्या त्या रकान्याच्या डोक्यावर बसवल्या. 'दर महिन्याला हातात किती पगार येतो?' बाराने गुणायचं काम मंडळाकडे. 'विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावरचं खातं. वडिलांचं चालणार नाही.' 'सध्या बडोद्यात कुठे राहता? पत्र याच पत्त्यावर येईल.' मूळ गावाचं मंडळाला काडीचं काम नव्हतं, पण जागा दिली नाही तर माणसं ते समासात घुसडणार, हे त्या ओळखून होत्या. म्हणून खाली एक वेगळी ओळ ठेवली: 'मूळ गाव, लिहावंसं वाटलं तर.' आणि आणखी सोपं व्हावं म्हणून प्रत्येक रकान्यात फिकट अक्षरात एकेक नमुना छापला. स्वतःवर त्या फार खूश झाल्या.

तेवढ्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यात काम करणारे माधव साळोखे लेकीला, कौमुदीला, घेऊन चौकशीला आले. तरसालीला राहणारे. योगिनीबेननी कच्चा अर्ज पुढे केला. "भरून बघा. मी काही बोलणार नाही."

न बोलणं त्यांना बाळंतपणापेक्षा जड गेलं. माधवरावांचं पेन सरसर चाललं. पगार बरोबर. आणि पत्ता?

"माधवराव, तुम्ही कारेलीबागेत राहता?"

"छे हो, तरसालीला."

"मग हे?"

"तुम्हीच छापलंय ना. मला वाटलं, ऑफिसला असंच पाहिजे. गिरवलं."

कौमुदीनं कपाळावर हात मारला. "पप्पा, ए तो दाखलो छे!"

"नमुना आहे तर तसं म्हणायचं. मागच्या वर्षी आमच्या थोरल्याच्या, सलीलच्या, अर्जात मी मनानं लिहिलं, तर बाद. कारणसुद्धा कळवलं नाही."

कारण कळवलेलं होतं, साताऱ्याला. योगिनीबेननी मुकाट्यानं सगळे नमुने रकान्यांतून काढले आणि एक पूर्ण भरलेला अर्ज, वर ठसठशीत 'नमुना' लिहून, जिन्यापाशी टांगायचा ठरवला. रिकाम्या झालेल्या मागच्या पानावर तोच अर्ज गुजरातीत घातला आणि ती बाजू कौमुदीकडून तपासून घेतली. मग आणखी काही जणांना भरायला बसवलं आणि पेन जिथे अडलं तिथलं वाक्य बदललं. पेन अडायचं थांबलं तेव्हा अर्ज छापायला दिला.

जूनअखेर गठ्ठा आला. काका लाल पेन उघडून बसले, पान उलटत गेले, शेवटी टोपण लावलं. दोन-चार अर्ज सोडले तर सगळे स्वच्छ. जिन्यावर कोणी चढेना. पापडी तर नाहीच.

"तिकीट काढते, काका."

"थांबा, योगिनीबेन. रजा कसली? घोटाळा झालाय."

"कुठला रकाना?"

"रकाना नाही हो! सगळेच पात्र! मदत मिळणार मोजक्यांना. इतकी वर्षं निम्मे अर्ज चुकीपायी आपोआप गळायचे, उरलेल्यांवर समिती एका बैठकीत सह्या करायची. आता निवडायचं कसं? घरोघर जाऊन परिस्थिती बघावी लागेल. तुम्ही चांगला अर्ज केलात, तेव्हा आता हेही..."

योगिनीबेनपासून नाशिक लांब जायला लागलं. आणि त्याच दमात त्याहून मोठं काही लक्षात आलं: सलील गरज नव्हती म्हणून गळला नव्हता, सातारा लिहिलं म्हणून गळला होता.

"म्हणजे चुका ही आपली चाळणी होती?"

"मी काही मुद्दाम नाही केलं," काका एवढंसं तोंड करून म्हणाले, आणि ते खरंही होतं.

योगिनीबेननी मंडळाची नियमावली काढली. "वाचा. 'अर्ज जास्त आल्यास समितीचे सदस्य स्वतः गृहभेट देऊन निवड करतील.' स्वतः, काका. यात कारकून कुठेय?"

"हे कोणी लिहिलं?"

"खाली सही तुमची आहे."

काकांनी ओळ दोनदा वाचली. एवढी निःसंदिग्ध भाषा त्यांनी आयुष्यात एकदाच वापरली होती, आणि नेमकी इथे.

"आवजो, योगिनीबेन," ते म्हणाले. "नातवंडाला माझा आशीर्वाद."

हिशेब असा जुळला. मांडीचा पहिला मान योगिनीबेनना मिळाला, तो विहीणबाईंच्या खात्यातून वजा झाला. कौमुदीची निवड झाली, आणि कळवणारं पत्र तरसालीलाच पोचलं. सलीलचं गेलेलं वर्ष मात्र कोणी भरून दिलं नाही, ते माधवरावांनीच सोसलं. बाकी सगळी रक्कम काकांच्या नावे पडली: जुलैतला प्रत्येक रविवार, दुपारच्या झोपेसकट, तरसालीच्या गल्ल्यांत स्कूटरवर.