‘थांब’ नावाची फाइल

आमचे हे, महिपत, श्रावणात तापाने गेले आणि ऑफिसचे मालक सुधाकरराव, त्यांनी मला शेअरच्या ऑफिसात ह्यांच्याच खुर्चीत बसवलं. समोरच्या मशीनवर ह्यांनी लिहिलेला प्रोग्राम चालायचा. तो भाव दाखवायचा आणि ह्यांच्या खात्यातून आपणहून ऑर्डरही टाकायचा.

उन्हाळ्यात त्याचे आडाखे चुकायला लागले, तेव्हा ह्यांनी फ्लॉपीवर ‘थांब’ नावाची रिकामी फाइल करून ती मशीनमध्ये घातली. प्रत्येक ऑर्डरआधी प्रोग्राम ती फाइल शोधायचा. सापडली तर ऑर्डर नाही, नाही सापडली तर गेली. ‘‘देवका, मी सांगतो तवर काढू नको,’’ म्हणाले. सांगायला राहिलेच नाहीत. त्या खात्यात होतं तेवढंच माझं आणि लेकीचं, म्हणून मीही फ्लॉपीला कधी हात लावला नाही.

नव्व्याण्णवची खंडेनवमी सोमवारी आली, बाजार चालू. मी बेल्याहून यायची ती बस नेहमीसारखी उशिरा. मी पोचले तोवर सुधाकररावांच्या बायकोने, जयवंताबाईंनी, पूजा मांडलेली होती. मॉनिटरला झेंडूची माळ, पाटावर कात्री, शिक्का, कॅलक्युलेटर.

मी चप्पल काढत होते तोच प्रिंटर खरखरला. मशीनसमोर कुणीच नव्हतं. कागदावर इंग्रजी अक्षरांत उमटलं: महिपत, खरेदी. मिनिटाने पुन्हा: महिपत, खरेदी.

जयवंताबाईंनी हात जोडले. ‘‘भाऊजी आले वो!’’

खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला, आणि आनंदही झाला. ह्यांचं नाव, ह्यांचीच घाई. वाटलं, चालू दे असंच.

तिसरी ओळ, म्हणजे तिसरी ऑर्डर, उमटली आणि मी मशीनकडे पाहिलं. फ्लॉपीची फट रिकामी होती.

‘‘फ्लॉपी कुठं हाय?’’

‘‘ते बी हत्यारच ना,’’ जयवंताबाई म्हणाल्या. ‘‘पूजेत ठेवली.’’

फ्लॉपीच काढली तरी प्रोग्रामच्या लेखी ‘थांब’ सापडली नाही एवढंच, की ऑर्डर गेली. चूक ह्यांचीच. एवढे हुशार, आणि हे नाही सुचलं! राग आला, रडूही आलं.

मी पाटाकडे वाकले. सुधाकरराव आडवे आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ‘‘वहिनी, पूजेतलं हत्यार आज उचलत नाही. मशीनले बी हात लावू नका. महिपत करून राह्यला, करू द्या त्याले.’’

‘‘माह्या लेकीचं हाय ते!’’

फुलं बाजूला सारून मी फ्लॉपी उचलली. कुंकू पदराला पुसलं आणि ती फटीत ढकलली. गेलेल्या ऑर्डरी आता परत येणार नव्हत्या, पुढची तेवढी अडणार होती.

मिनिट सरता सरेना. मग दिवा लागला, फ्लॉपी कुरकुरली. प्रिंटरने एकच शब्द काढला. फाइल सापडल्यावर छापायला ह्यांनीच कधीतरी लिहून ठेवलेला, मला ठाऊक नसलेला.

‘थांबलो.’

मी तो कागद फाडून घेतला आणि खुर्चीतच रडत बसले. बाजार बंद होईस्तोवर फ्लॉपीच्या फटीवरचा हात मात्र काढला नाही.